ढेकर ज्या दारातून, जळजळही त्याच दारातून: पेपरमिंटच्या चहाचं एक प्रकरण

हे प्रकरण माझ्याकडे आलेल्या एका गृहस्थांचं आहे. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत. बाजारपेठेत सगळे त्यांना 'मामा' म्हणतात, मीही इथे तेच म्हणते. मी कोल्हापुरात आहारतज्ज्ञ म्हणून काम करते. मामांना पेपरमिंटचा चहा घ्यायला हरकत नाही, असं मीच सांगितलं होतं. पुढचं सगळं त्यातून घडलं, म्हणून हे लिहिणं मला गरजेचं वाटलं.

पार्श्वभूमी

मामांचं वय ५४. गुळाचा व्यापार. उंचीच्या मानाने वजन दहा-बारा किलो जास्त, आणि ते सगळं पोटावर. चार वर्षांपासून रक्तदाबाची अ‍ॅम्लोडिपिनची गोळी रोज सुरू. विडी-सिगारेट नाही, दारू नाही. रात्रीच्या जेवणानंतर एक मसाला पान मात्र ठरलेलं.

गुऱ्हाळं पेटली की गुळाच्या व्यापाऱ्याचं वेळापत्रक राहत नाही. सकाळी सौद्याला जायचं, दुपारी उभ्याउभ्या काहीतरी खायचं आणि खरं जेवण रात्री घरी, साडेदहाच्या सुमारास. बुधवार, शुक्रवार, रविवार मटण. तांबडा-पांढरा रस्सा, भाकरी, वर भात. दिवसभराची भूक एका ताटात निघते. अकरा-सव्वाअकराला अंथरूण.

जानेवारीत ते वजन कमी करण्यासाठी माझ्याकडे आले. उठता उठता म्हणाले, "ताई, रात्री जेवलं की पोट लई जड होतंय बघा. दगड ठेवल्यागत. लेकीनं पुण्याहून पेपरमिंटच्या चहाचा डबा आणलाय. अपचनाला चांगला म्हणती. घेऊ काय?"

मी म्हणाले, "घ्या की मामा, जेवणानंतर एक कप."

प्रश्न साधा वाटला, उत्तरही साधं वाटलं. पेपरमिंट पोटफुगीवर, मुरड्यावर आणि वातावर वापरलं जातं. त्यात असलेल्या मेंथॉलमुळे आतड्याचा आखडलेला स्नायू सैल होतो, हे मला माहीत होतं. 'अपचन' हा शब्द मी ऐकला आणि तिथेच थांबले. जड कुठे वाटतं, आडवं झाल्यावर काय होतं, तोंडाशी काही येतं का, यातलं काहीच विचारलं नाही.

अडचण कशी वाढत गेली

पहिला आठवडा छान गेला. मामांनी फोन करून सांगितलं, "चहा घेतला की पाच मिनिटांत दोन-तीन ढेकर येत्यात आणि पोट सुटतंय." मलाही बरं वाटलं.

दुसऱ्या आठवड्यात रात्री एकच्या सुमारास छातीच्या मधोमध जळजळ होऊन त्यांना जाग येऊ लागली. घशाशी आंबट पाणी, सकाळी आवाज बसलेला. मामांच्या मनात हे वेगळं दुखणं नव्हतंच. त्यांच्या लेखी ते तेच अपचन होतं, जरा जास्त झालेलं. म्हणून त्यांनी औषधही वाढवलं. जाग आली की उठून आणखी एक कप घ्यायचे. लेकीने सांगितलं होतं की कपावर झाकण ठेवून दहा मिनिटं मुरू दिलं तर चहा चांगला उतरतो. हे खरं आहे, कारण पेपरमिंटमधलं तेल वाफेबरोबर उडतं आणि झाकण ठेवलं की ते कपातच राहतं. एका पुडीच्या जागी दोन पुड्या आल्या. तिसऱ्या आठवड्यापर्यंत जेवणानंतर एक कडक कप आणि मध्यरात्री दुसरा असा नेम झाला होता.

इथे मला सर्वांत जास्त महत्त्वाची वाटते ती एक गोष्ट. प्रत्येक कपानंतर मामांना खरोखर बरं वाटत होतं. घशात थंडावा पसरायचा, ढेकर यायचा, दहा-पंधरा मिनिटं जळजळ मागे हटायची. त्यामुळे चहावर शंका यायला जागाच नव्हती. ज्या गोष्टीने लगेच आराम पडतो तीच तासाभराने त्रास देते, हे माणसाला स्वतःहून उमगणं फार अवघड आहे.

मधल्या काळात घरचे उपायही सुरू होते. गंगावेशीतून आणलेलं म्हशीचं धारोष्ण दूध रात्री पिऊन पाहिलं. गिळताना गार वाटलं, पण एवढ्या स्निग्ध दुधाने जठर रिकामं व्हायला आणखी वेळ लागतो. दुसऱ्या रात्री त्रास तसाच.

फेब्रुवारीतल्या एका रात्री अडीच वाजता छातीत इतकं दुखलं की मामांना घाम फुटला. घरच्यांनी त्यांना गाडीत घालून जवळच्या दवाखान्यात नेलं.

पहिला निर्णय: आधी हृदय

मामींनी त्या रात्री एक गोष्ट अगदी योग्य केली. मामा म्हणत होते, "पित्तच हाय, सकाळी बघू." मामींनी ऐकलं नाही. छातीतली जळजळ आणि हृदयाचं दुखणं यांत घरी बसून फरक करता येत नाही, डॉक्टरांनाही तो नुसत्या बोलण्यावरून करता येत नाही. ५४ वर्षांचा, रक्तदाब असलेला, वजन वाढलेला माणूस छातीत दुखतंय म्हणतो आणि त्याला घाम येतो, तेव्हा पित्ताचा विचार दुसऱ्या क्रमांकावर जायला हवा.

ईसीजी काढला. हृदयाच्या स्नायूला इजा झाली आहे का हे सांगणारी रक्ततपासणी केली आणि काही तासांनी पुन्हा केली. सगळं व्यवस्थित निघालं. दुसऱ्या दिवशी त्यांच्या नेहमीच्या डॉक्टरांनी सविस्तर विचारपूस केली. गिळताना घास अडकतो का, वजन आपोआप उतरलं आहे का, शौचाला काळं होतं का, उलटीत रक्त दिसलं का, रक्त कमी आहे का. सगळ्याला नाही. जळजळ आडवं झाल्यावर वाढते, उठून बसलं की कमी होते, वाकलं की आंबट वर येतं. डॉक्टर म्हणाले, हे आम्लाचं उलटं येणं आहे. मग त्यांनी विचारलं, "रात्री काय काय घेता?"

चहाचा विषय तेव्हा निघाला. डॉक्टरांनी मला फोन केला.

पेपरमिंट नेमकं काय करतं

अन्ननलिका जिथे जठराला मिळते तिथे स्नायूंचं एक गोल कडं असतं. घास उतरताना ते उघडतं, एरवी आवळलेलं राहतं. त्याचा आवळ मोजता येतो. निरोगी माणसात तो साधारण पाऱ्याच्या १० ते ३० मिलिमीटर दाबाएवढा असतो. जठरातलं आम्ल खालीच राहतं ते मुख्यतः या कड्यामुळे. जठराच्या आतल्या अस्तराला आम्ल सोसतं, अन्ननलिकेच्या अस्तराला सोसत नाही.

हे कडं गुळगुळीत स्नायूचं बनलेलं आहे, म्हणजे आतड्यासारख्याच स्नायूचं. असा स्नायू आवळायचा तर त्याच्या पेशींत कॅल्शियम शिरावं लागतं. मेंथॉल ती वाट अडवतं, म्हणून स्नायू सैल पडतो. आतड्यात मुरडा आलेल्या माणसाला हेच हवं असतं. पण पिलेला चहा आधी याच कड्यावरून जातो, मग जठरात साठतो. मेंथॉलला आतडं कुठलं आणि दार कुठलं हे कळत नाही. वाटेत भेटेल तो स्नायू ते सैल करतं.

आता मामांचे ढेकर पुन्हा आठवा. ढेकर येणं म्हणजे हेच कडं क्षणभर उघडून जठरातली हवा वर जाणं. पेपरमिंटने ढेकर येतात याचं एक कारण ते हे दार सैल करतं, हे आहे. १९६९ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात पेपरमिंटचं तेल पाण्यातून देऊन या कड्याचा दाब मोजला होता. दाब उतरला आणि जठरातलं वर आलं. म्हणजे पहिल्या आठवड्यातला आराम आणि तिसऱ्या आठवड्यातली जळजळ ही दोन वेगळी प्रकरणं नव्हती. दार सैल झालं, ताठ बसलेले असताना त्यातून हवा गेली, आडवे झाल्यावर आम्ल गेलं.

मग थंडाव्याचं काय? आपल्याकडे 'थंड म्हणजे पित्ताला चांगलं' हा हिशोब मनात पक्का बसलेला असतो, आणि पेपरमिंट तर जिभेवर बर्फासारखं लागतं. पण मेंथॉल काही थंड करत नाही. गारवा ओळखणाऱ्या मज्जातंतूंना ते चेतवतं आणि मेंदूला गार वाटतं. गरम चहा पितानाही थंडावा जाणवतो तो म्हणूनच. आम्ल तेवढंच राहतं, फक्त थोडा वेळ जळजळ झाकली जाते.

एक मर्यादा सांगते. कड्याचा दाब मोजलेले प्रयोग बहुतेक तेलावरचे आहेत, आणि चहात तेलाचं प्रमाण बरंच कमी असतं. त्यामुळे प्रत्येकाला चहाने त्रास होईलच असं नाही. तरीही युरोपियन मेडिसिन्स एजन्सीच्या वनौषधी समितीने पेपरमिंटच्या पानांबद्दल स्पष्ट सांगितलं आहे की आम्ल वर येण्याचा त्रास असलेल्यांनी ते टाळावं, कारण जळजळ वाढू शकते. हे मी जानेवारीत आठवायला हवं होतं.

समोर कोणते पर्याय होते

डॉक्टर, मी, मामा आणि मामी, चौघं एकत्र बसलो. लेक फोनवर होती.

पहिला पर्याय सर्वांत सोपा होता. आम्ल कमी करणारी गोळी आठ आठवडे द्यायची आणि बाकी सगळं बंद करायचं: चहा, मटण, तिखट, पान. मामी याच बाजूच्या होत्या. गोळीला डॉक्टरांचा विरोध नव्हता. अशा रुग्णांत पँटोप्राझोलसारखी गोळी नाश्त्याच्या अर्धा ते एक तास आधी देणं ही रूढ पद्धतच आहे. अडचण एवढीच की एकदम पाच गोष्टी बदलल्या आणि बरं वाटलं, तर कशाने बरं वाटलं हे कधीच कळणार नाही. मग मामा आयुष्यभर रस्सा टाळत राहतील, किंवा कंटाळून सगळंच पुन्हा सुरू करतील. मला दुसऱ्याची शक्यता जास्त वाटत होती.

दुसरा पर्याय लेकीने सुचवला. पेपरमिंट तेलाच्या, वरून विशिष्ट आवरण असलेल्या कॅप्सूल मिळतात. त्या जठरात विरघळत नाहीत, पुढे आतड्यात जाऊन फुटतात. मग चहाऐवजी त्या का नाही? प्रश्न हुशारीचा होता. आतड्याच्या मुरड्यासाठी त्या कॅप्सूल खरंच उपयोगी पडतात, कारण तेल दारापाशी थांबतच नाही. पण मामांना आतड्याचा मुरडा नव्हता. शिवाय ते आवरण जठरातल्या आम्लात टिकतं आणि आम्ल कमी झालं की लवकर विरघळतं. आम्ल कमी करणारी गोळी किंवा पित्ताचं पातळ औषध सोबत चालू असेल तर कॅप्सूल जठरातच फुटू शकते, आणि मग आपण पुन्हा तिथेच येतो.

तिसरा प्रश्न रक्तदाबाच्या गोळीचा होता. अ‍ॅम्लोडिपिनही पेशींतली कॅल्शियमची वाटच अडवतं, आणि त्या गटातल्या औषधांनी हे कडं सैल होऊ शकतं. मी हा विषय काढला तेव्हा मामा लगेच म्हणाले, "मग गोळी सोडतो की." डॉक्टरांनी तिथेच थांबवलं. गोळी चार वर्षं चालू आहे, जळजळ तीन आठवड्यांची. रक्तदाब आटोक्यात आहे. गोळी बदलायची वेळ आली तर ती डॉक्टर बदलतील, मामा स्वतःहून एक दिवसही चुकवणार नाहीत.

दुर्बिणीने तपासणी करायची का, यावरही बोलणं झालं. धोक्याचं एकही लक्षण नव्हतं आणि त्रास अलीकडचा होता, म्हणून डॉक्टरांनी ती पुढे ठेवली. गिळायला त्रास असता किंवा वजन आपोआप उतरत असतं, तर एवढा विचार न करता ती आधीच केली असती.

शेवटी ठरलं ते असं. दोन आठवडे फक्त चहा बंद, बाकी काही बदलायचं नाही. जळजळ झालीच तर डॉक्टरांनी दिलेलं, जठरातल्या द्रवावर साय धरल्यासारखा थर करणारं पातळ औषध घ्यायचं. रोज वही लिहायची. त्रास वाढला तर तेव्हाच गोळी सुरू.

वही

वहीत चारच रकाने ठेवले: जेवणाची वेळ, काय खाल्लं, झोपायची वेळ, रात्री जळजळ झाली का. मामांना सौद्याच्या नोंदी ठेवायची सवय, त्यामुळे वही अगदी नेटकी निघाली.

चहा सोडण्याआधीचा आठवडा त्यांनी आठवून लिहिला. सातपैकी सहा रात्री त्रास. त्यात सोमवार आणि गुरुवारही होते, म्हणजे भाकरी-भाजीच्या रात्री. घरातले सगळे तांबड्या रश्श्याला दोष देत होते, पण रस्सा नसलेल्या रात्रीही छाती जळत होती. तिखट काहींना नक्कीच बाधतं. मामांच्या बाबतीत मात्र ते एकटं कारण असू शकत नव्हतं.

चहा बंद केल्यानंतरच्या चौदा रात्रींपैकी चार रात्री जळजळ झाली. फरक मोठा होता. पण ती चार रात्रींची जळजळ मला स्वस्थ बसू देईना. दोन रात्रींना जेवण खूप उशिरा झालं होतं, दोन रात्रींना नाही. मी मामांना फोन लावला आणि प्रत्येक रात्रीबद्दल जेवणापासून झोपेपर्यंतचं सगळं विचारलं.

"जेवलो, पान खाल्लं, जरा टीव्ही बघितला..."

"पान वहीत कुठंय मामा?"

"पान म्हंजे काय खाणं हाय व्हय ताई?"

पान ते वहीत लिहितच नव्हते. रोजच्या पानाऐवजी त्या चारपैकी तीन रात्री त्यांनी पानवाल्याकडून 'थंडा' मसाला पान घेतलं होतं. पानवाल्याकडे त्या थंडाव्यासाठी एक डबी असते आणि तिच्यातल्या चिमटीभर स्फटिकांना तो 'पिपरमिंट' म्हणतो. ते जवळपास शुद्ध मेंथॉल. चहाच्या कपात पानांमधून थोडंसं उतरतं, इथे थेट चिमटीने पडतं. आम्ही चहाचा डबा बंद केला होता आणि तेच द्रव्य पानातून जात होतं.

त्यानंतर मी घरातल्या इतर गोष्टीही विचारल्या. मामींच्या कपाटात ओव्याचं फूल, कापूर आणि पिपरमिंट एकत्र विरघळवून केलेली अमृतधारेची बाटली होती. पोट दुखलं की पाण्यात दोन थेंब, हा त्यांच्या घरातला जुना रिवाज. मामांसाठी ती बाटलीही बाजूला ठेवायला सांगितली. पुदिन्याच्या चटणीबद्दल त्यांनी विचारलं, ती मी बंद केली नाही. आपल्या मंडईत येणारा पुदिना बहुधा स्पिअरमिंटच्या जातीचा असतो. त्याचा वास मुख्यतः कार्व्होन नावाच्या द्रव्याचा, मेंथॉल त्यात अगदी थोडं. चमचाभर चटणीने मामांना काही झालं नाही. वाटीभर खाल्ली असती तर तिखटा-आंबटाने छाती जळाली असती, पण तो वेगळा हिशोब.

पुढच्या दोन आठवड्यांत पिपरमिंटचं पान बंद केलं आणि जेवणाची वेळही हलवली. मामी पावणेनऊला ताट वाढू लागल्या, झोप अकरालाच राहिली. पलंगाच्या उशाकडच्या दोन पायांखाली विटा ठेवून ती बाजू सहा इंच उचलली. नुसत्या दोन उशा घेतल्या तर मान मोडते आणि पोट दाबलं जातं, पलंगाची उशाकडची बाजूच उचलली तर पूर्ण शरीर एका उतारावर राहतं. डाव्या कुशीवर झोपायला सांगितलं, कारण त्या कुशीवर जठरातला द्रव दारापासून खाली राहतो. चौदापैकी एकच रात्र वाईट गेली, तीही लग्नाच्या जेवणानंतरची.

इथे मी स्वतःच केलेला नियम मोडला. एका वेळी एकच गोष्ट बदलायची ठरवून मी चार बदलल्या. विटांनी किती फायदा झाला आणि लवकर जेवण्याने किती, हे मला सांगता येणार नाही. पण दोन महिने नीट न झोपलेल्या माणसाला शुद्ध प्रयोगासाठी आणखी थांबवणं मला बरोबर वाटलं नाही.

चहा पुन्हा देऊन पाहणं

एप्रिलमध्ये डॉक्टरांना विचारून आम्ही शेवटची पायरी केली. सहा रात्री, जेवण सारखं, वेळ सारखी. एक रात्र एका पुडीचा पेपरमिंट चहा, दुसऱ्या रात्री तेवढंच कोमट पाणी, असं आलटून पालटून. पाणी अशासाठी की पोटात कपभर द्रव गेल्यानेच त्रास होत असेल तर तेही कळावं.

चहाच्या तीनपैकी दोन रात्री जळजळ झाली, पाण्याच्या एकाही रात्री नाही. त्यानंतर तीन दिवस दुपारी, जेवणानंतर बसूनच, एक कप चहा घेऊन पाहिला. छाती जळाली नाही, पण एकदा गुळाची ढेप सरकवायला वाकले तेव्हा आंबट पाणी थेट घशाशी आलं. मामांनी तिथून फोन केला, "कळलं ताई. आता नको."

हा एका माणसावरचा छोटा पडताळा आहे. आपण चहा पितोय की पाणी हे मामांना माहीत होतं, आणि अपेक्षेनेही जळजळ जाणवू शकते. यावरून सगळ्यांसाठी काही सिद्ध होत नाही. मामांनी काय टाळायचं एवढं ठरवायला मात्र ते पुरेसं होतं.

काय निष्पन्न झालं

मामांचं मूळ गाऱ्हाणं, ते जेवणानंतरचं दगडासारखं जडपण, चहा न घेताच बरंचसं गेलं. ते अपचन उशिरा एका बैठकीत दिवसभराचं जेवण जेवल्यामुळे होतं. दुपारी बसून दोन भाकरी खायला लागल्यावर रात्रीचं ताट आपोआप लहान झालं. पेपरमिंटच्या जागी दुसरा कुठला काढा मी सुचवला नाही, त्यांनी दोनदा मागूनही. रात्री जेवल्यावर ते आणि मामी रंकाळ्यावर अर्धा तास चालतात. रस्सा चालू आहे. पान साधं, डबी न उघडता केलेलं.

गोळी सुरू करावी लागली नाही. वजन तीन किलो उतरलं. डॉक्टरांनी सांगून ठेवलं आहे की आठवड्यात दोनपेक्षा जास्त रात्री जळजळ होऊ लागली, किंवा घास अडकल्यासारखं वाटलं, तर वाट न पाहता यायचं आणि मग दुर्बिणीची तपासणी करायची.

पुन्हा अशी व्यक्ती समोर आली तर

'अपचन' हा शब्द आपल्याकडे फार मोठी पिशवी आहे. बेंबीच्या वर जड वाटणं, पोट डब्ब होणं, मुरडा, करपट ढेकर, छातीतली जळजळ, घशाशी आंबट येणं, सगळं त्यात भरलं जातं. पेपरमिंट त्यातल्या काहींना खरंच उपयोगी पडतं आणि काहींना उलटं पडतं. त्यामुळे आता चहाचं नाव निघालं की मी आधी बोट ठेवून दाखवायला सांगते. बोट बेंबीभोवती फिरलं तर एक गोष्ट, बरगड्यांच्या मधून वर गळ्याकडे सरकलं तर दुसरी. मग विचारते, आडवं झाल्यावर काय होतं आणि तोंडाला आंबट-कडू पाणी येतं का. मामांना जानेवारीत विचारलं असतं, तर 'कधीमधी येतंय की' असंच उत्तर आलं असतं. नंतर त्यांनी तसं सांगितलंही. म्हणजे दार आधीच थोडं सैल होतं, आणि मी त्याला आणखी सैल करणारी गोष्ट घ्यायला सांगितली.

दुसरं, मी त्यांना कधी थांबायचं हे सांगितलं नव्हतं. 'छातीत जळायला लागलं तर चहा त्याच दिवशी बंद करून मला कळवा', एवढं वाक्य पहिल्या भेटीत बोलले असते, तर दुसरी पुडी कपात पडली नसती.

तिसरी गोष्ट वहीची. खाण्याचा रकाना पुरत नाही, तोंडात जे जे जातं ते लिहायला हवं: पान, बडीशेप, खोकल्याची गोळी, पेपरमिंटची चघळायची गोळी, कपाटातल्या बाटलीतले थेंब. माझ्या नव्या वहीत त्याचा वेगळा रकाना आहे.

चहाचा डबा अजून अर्धा शिल्लक आहे. मामींना पाळीच्या दिवसांत पोटात मुरडा येतो आणि छातीची जळजळ कधीच होत नाही. हे सगळं विचारून झाल्यावर तो डबा त्यांनी स्वतःसाठी ठेवला. कप त्या दुपारी घेतात, आणि मामांचा त्यात हात लागू देत नाहीत.